मदत हवी आहे: उपासाच्या भाजणीच्या १९ आगाऊ ऑर्डरींवर पाऊच छापून घ्यावेत का?

भाजणीवाली: साबुदाणा, वरी, राजगिरा आणि जिरं वेगवेगळं भाजून उपासाची भाजणी करते. छापील पाऊचसाठी पुण्यातल्या एका प्रिंटरने कोटेशन दिलंय. चार रंगांच्या छपाईसाठी कोरलेले चार सिलिंडर आणि किमान १०,००० पाऊच मिळून ९०,००० रुपये. तेवढे पैसे गुंतवण्याआधी आषाढीच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तर ७१ जणांनी 'हवी' म्हटलं. पाव किलोला १३० रुपये सांगून क्यूआर कोड टाकला, तेव्हा पैसे १९ जणांचे आले. छापू का?

नाना_नाशिक: ७१ विसरा. १९ पैकी नात्यातले, मैत्रिणी किती?

भाजणीवाली: १२. 😐

नाना_नाशिक: म्हणजे तुमची चाचणी सात जणांवर झाली, तीही आषाढीला, जेव्हा सगळ्यांच्याच घरी उपास. नुसता सीझन मोजलात. छापू नका. साधे पाऊच आणा, वर स्टिकर लावा. सिलिंडरवर एकदा कोरलं की वजन किंवा पत्ता बदलला तरी तो सिलिंडर नव्याने करावा लागतो. आता त्या सातांना पाव किलो किती दिवस पुरतं ते बघा. श्रावण लागायच्या आत, तुम्ही न विचारता कोणी परत मागितली, तर तो खरा आकडा.

मीरा७२: वरी आधी धुऊन वाळवता का? माझी भाजणी कचकच लागते. प्रमाण द्याल का?

सुशांत_के: मी गोधड्यांसाठी निम्मे पैसे आगाऊ घेतले होते. शिवून तयार झाल्यावर चौघांनी फोनच उचलले नाहीत. पूर्ण पैसे घ्या. आणि घरगुती आहे तोवर लायसन वगैरे काही लागत नाही.

नाना_नाशिक: लायसन नाही, पण एफएसएसएआयची नोंदणी घरून विकणाऱ्यालाही लागते. वर्षाला १०० रुपये. आगाऊ पैसे घेतले म्हणजे विक्रीच झाली, तेव्हा आधी ती करा आणि नंबर स्टिकरवर टाका. पूर्ण पैशांचं मात्र मला पटत नाही. अनोळखी माणूस पहिल्यांदा १३० रुपये आधी देत नाही, मग मागणी असूनही नाही असं वाटतं.

सुशांत_के: जो १३० देत नाही तो गिऱ्हाईकच नाही, असं माझं मत.

भाजणीवाली: नोंदणीचं खरंच माहीत नव्हतं, आजच अर्ज करते. मीराताई, वरी धुऊन सावलीत वाळवते. प्रमाण सध्या गुपित! 😄 आता माझ्या ओळखीचं कोणी नाही अशा दोन ग्रुपांवर, कुरिअरचा खर्च धरून किंमत सांगते आणि ४० पाकिटांवर ऑर्डर बंद करते. तारखेला दिली नाही तर पैसे परत. पण ४० झालीच नाहीत, समजा १५च झाली, तर तेवढी करून द्यायची की पैसे परत करून थांबायचं?

नाना_नाशिक: करून द्या. १५ घरांतून परत मागणी येते का, ते तरी कळेल. राजगिऱ्याचं पीठ पावसाळ्यात लवकर खवट होतं, म्हणून एक पाकीट स्वतःकडे ठेवून दर आठवड्याला वास घ्या. स्टिकरवरची तारीख त्यावरून ठरवा.