मदत हवी आहे: गिरणीवर नवीन काय सुरू करू? विचारलं तर सगळ्यांना सगळंच हवं

दळण_अमळनेर

नमस्कार मंडळी. अमळनेरात आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी घातली, आता मी आणि आमचे हे मिळून बघतो. दिवसाला तीस-पस्तीस डबे येतात. थोडे पैसे साठलेत, त्यातून एकच काहीतरी नवीन करता येईल. डोक्यात चार गोष्टी आहेत: मिरची-मसाला कांडप, शेवयांचं मशीन, कळणा आणि बट्टीचं तयार पीठ पिशव्यांत भरून, नाहीतर घरून डबा आणून परत पोचवणं.

मनाने ठरवण्यापेक्षा गिऱ्हाइकांनाच विचारावं म्हणून आठवडाभर वहीत लिहून घेतलं. प्रश्न एकच, "हे सुरू केलं तर याल का?" ५८ जणांना विचारलं. कांडपाला ५१ हो, शेवयांना ४७, तयार पिठाला ४९, डबा पोचवण्याला ४०. "हो ताई, येसूत ना!" असं सगळ्याच म्हणाल्या. आता ही वही घेऊन मी काय ठरवू? माझं विचारणंच चुकलं का? नेमकं काय आणि कसं विचारायचं, कुणी सांगेल का?

केळीबाग_रावेर

ताई, वहीत कशाला लिहिता? गूगल फॉर्म करा आणि गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. पंधरा-वीस प्रश्न घाला, प्रत्येक वस्तूला एक ते पाच तारे द्यायला सांगा. बेरीज, तक्ता सगळं आपोआप होतं. समोर नाही म्हणायला लोकांना जड जातं, फोनवर खरं बोलतात.

जुनं_स्टार्टर

कांडप घेणार असाल तर आधी थ्री फेज आहे का आणि वीजभार किती मंजूर आहे ते बघा. सिंगल फेजवर मोठी मोटर ओढणार नाही. दुसरं, मिरचीला वेगळी खोली लागेल. एकाच खोलीत केलंत तर गव्हाच्या पिठाला तिखटाचा वास लागतो आणि गिऱ्हाईक डबा परत आणतं.

दळण_अमळनेर

दादा, थ्री फेज आहे. पण कांडप घ्यायचं की नाही तेच अजून ठरत नाहीये, माझा प्रश्न तो आहे. वेगळ्या खोलीचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं, तो खर्च धरायला हवा.

पेठेतला_जुना

ताई, मी धुळ्याला बरीच वर्षं एका वितरकाकडे होतो. नवीन माल आणायच्या आधी दुकानोदुकानी आणि घरोघरी जाऊन विचारायचं, हेच माझं काम. तुमची वही वाया गेलेली नाही, पण तिने सांगितलं ते वेगळंच. त्या बायकांना तुम्ही आवडता, एवढं त्यातून कळलं. ओळखीच्या बाईने समोर उभं राहून "येणार ना?" म्हटलं तर नाही कोण म्हणेल? शिवाय हो म्हणायला पदरचं काही जात नाही.

म्हणून पुढचं विचारू नका, मागचं विचारा. "कांडप सुरू केलं तर याल का" याऐवजी "मागच्या उन्हाळ्यात तिखट कुठे कुटून आणलं, किती किलो, आणि तिथे काय अडचण आली?" घडून गेलेल्या गोष्टीत मान राखायचा प्रश्न येत नाही. जी बाई दरवर्षी माहेरी जाऊन आई-बहिणीबरोबर मसाला करते तिला तुमच्या कांडपाची गरज नाही, मग ती तोंडाने काहीही म्हणो. भावाचंही तसंच. "किती द्याल" विचारलं की लोक घासाघीस सुरू करतात. "मागच्या वेळी किती दिले" विचारा.

तीनच प्रश्न ठेवा. डबा काट्यावर चढतो आणि पाटीवर नाव लिहिलं जातं तेवढ्यात संपले पाहिजेत. पहिला प्रश्न मोकळा ठेवा, तुमच्या चार गोष्टींचं नावसुद्धा काढू नका. "गेल्या महिन्यात दळणापायी कशाचा त्रास झाला?" एवढंच. आधी यादी ऐकवली की माणूस यादीतलंच बोलतो आणि तुम्हाला न सुचलेलं बाहेर येत नाही. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, स्वतःच्या शब्दांत आवरून लिहू नका. दुसरा प्रश्न तिखटाचा. तिसरा, गेल्या महिन्यात कुठलं पीठ, पापड किंवा शेवया विकत आणल्या, कुठून आणि कितीला.

आणि ताई, तुम्ही स्वतः विचारू नका. पुतणी, भाची, कुणीतरी दुसरं बसवा. दर तिसऱ्या गिऱ्हाइकाला विचारायचं, सकाळी आणि संध्याकाळीही. नाहीतर नकळत बोलक्या बायकाच गाठल्या जातात.

फॉर्मबद्दल रावेरकरांचं अर्धं बरोबर आहे, समोरचा संकोच जातो. पण वीस प्रश्न कुणी भरत नाही, आणि घरातला फोन पुष्कळदा मुलाच्या हातात असतो. दळण कुठे टाकायचं हे ठरवणारी बाई त्या फॉर्मपर्यंत पोचतच नाही.

एक राहिलं. जी घरं यायची बंद झाली ती गिरणीवर उभं राहून सापडणार नाहीत. आठ-दहा घरी जाऊन या.

खानावळ_जळगाव

माझं सांगते. कॉलेजच्या मुलांची खानावळ आहे. मीही असंच विचारलं होतं, आठवड्यातून एकदा कळण्याची भाकरी आणि ठेचा चालेल का? सगळी पोरं म्हणाली, करा मावशी. केली, तर निम्म्या भाकरी ताटात राहिल्या. बाहेरगावची पोरं होती, त्यांना उडदाची ती चव सवयीची नव्हती. त्यापेक्षा कोणतं भांडं रिकामं होतं आणि कोणतं उरतं ते बघायला लागले, त्यातून जास्त कळलं. त्यामुळे मला तर वाटतं विचारत बसूच नका, थोडं करून बघा.

पेठेतला_जुना

मावशी, खानावळीत ते जमतं, एक दिवसाच्या भाकरीचाच प्रश्न असतो. कांडपाचं मशीन थोडंसं घेऊन बघता येत नाही. पण तुमचं म्हणणं पुढच्या पायरीला उपयोगी आहे. आधी विचारून चारातलं एक निवडायचं, मग त्याची थोडक्यात चाचणी घ्यायची, आगाऊ पैसे घेऊन.

दळण_अमळनेर (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. भाचीला सहा दिवस बसवलं, दर तिसरं गिऱ्हाईक, ५५ जणींशी बोलणं झालं. बंद झालेल्या ९ घरी मी स्वतः गेले. जे निघालं ते सांगते.

पहिल्याच प्रश्नाने मी थक्क झाले. ५५ पैकी १७ जणी एकच बोलल्या: दोन चकरा होतात. भाचीने एकीचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंय, "डबा ठेवून जाते, तासाने येते तर झालेलं नसतं, परत जाते, मग पोरगं शाळेतून यायची वेळ होते." बंद झालेल्या ९ पैकी ५ घरांनीही हेच सांगितलं. आमच्या चार गोष्टींत हे कुठेच नव्हतं. आता डब्यावर खडूने वेळ लिहितो, ज्वारी-बाजरीची वेळ वेगळी ठेवली आणि दळण झालं की मिस कॉल देतो. खर्च काहीच नाही.

तिखट ३६ जणी बाहेरून कुटून आणतात. त्यातल्या २७ जणींचं ठिकाण ठरलेलं आहे, कुणी माहेरी, कुणी नणंदेबरोबर, आणि त्यांची काही तक्रार नाही. लांब पडतं, नंबर लागत नाही, असं म्हणणाऱ्या ९ च. घरटी सरासरी चार किलो. शेवयांचं जवळजवळ सगळ्यांचं आखाजीच्या आधीच बचत गटाशी ठरलेलं असतं.

तयार पीठ गेल्या महिन्यात २१ जणींनी विकत आणलं होतं. ९ जणींनी बट्टीचं, ८ जणींनी कळणा, ४ जणींनी बेसन. कळणा घेणाऱ्यांत नोकरीवाल्या घरच्या जास्त. दोन-तीन माणसांसाठी ज्वारी, काळे उडीद आणायचे, निवडायचे आणि मीठ घालून दळायला द्यायचे, एवढं आता होत नाही म्हणाल्या.

मग २० किलो कळणा दळून दोन-दोन किलोच्या पिशव्या केल्या. पिशव्या भरायच्या आधी १६ जणींना सांगितलं, पाहिजे असेल तर ५० रुपये आगाऊ. हो सगळ्याच म्हणाल्या, पैसे ७ जणींनी दिले. पंधरा दिवसांत त्यातल्या ४ परत घ्यायला आल्या. आता हे ७ धरायचे की ४?

पेठेतला_जुना

४ धरा ताई. पहिली पिशवी ओळखीवर खपते, दुसरी चवीवर. मात्र चौघींवर मोठी खरेदी करू नका. महिनाभर त्याच पिशव्या चालू ठेवा आणि तिसऱ्यांदा कोण येतं ते लिहा. बट्टीच्या पिठाचीही तशीच छोटी चाचणी घ्या, तिथे ९ जणी होत्या.

कांडपाचं गणित असं. ५५ त ९ म्हणजे सहा घरांत एक. तुमची सगळी गिऱ्हाइकं किती घरं असतील?

दळण_अमळनेर

साधारण ३५० घरं धरा.

पेठेतला_जुना

म्हणजे साठेक घरं, चार किलोप्रमाणे अडीचशे किलोच्या आत, तेही फक्त उन्हाळ्यात. किलोमागे काय सुटतं त्याने गुणा आणि खोलीचा खर्च, मशीनचा हप्ता शेजारी लिहा. दरवर्षी तेवढं सुटत नसेल तर यंदा मिरचीच्या हंगामात नुसत्या ऑर्डरी घ्या आणि दुसऱ्याच्या कांडपावर कुटून आणून द्या. किती जणी खरंच मिरची आणून टाकतात ते मशीन न घेता कळेल.

केळीबाग_रावेर

पण ५५ जणींवरून ३५० घरांचं सांगता येतं का? मला हे पटत नाही.

पेठेतला_जुना

काटेकोर नाही सांगता येत. साठाच्या जागी चाळीस असतील किंवा ऐंशी. ऐंशी धरूनही हप्ता निघत नसेल तर उत्तर मिळालं. चाळीसावरच निघत असेल तरीही मिळालं. मधे अडकलं तर मात्र अजून विचारावं लागेल. शिवाय आत्ता विचारलेलं आणि मार्चमध्ये विचारलेलं यात फरक पडतोच, गेल्या उन्हाळ्याचे किलो आता कुणाला नीट आठवत नाहीत.

जुनं_स्टार्टर

पीठ पिशवीत भरून विकायचं म्हणजे अन्न परवान्याची नोंदणी लागेल, तेवढं करून घ्या. आणि पिशवीवर दळल्याची तारीख टाका.

दळण_अमळनेर

नोंदणीचं उद्याच विचारते. हिशेब मांडला, ऐंशी घरं धरली तरी पहिल्या दोन वर्षांत खोलीचाच खर्च निघत नाही, म्हणून कांडप यंदा नाही. मिरचीच्या ऑर्डरी घेऊन बघते. एक अजून अडलंय: परत आलेल्या चौघींपैकी एक मेस चालवते, तिने एकटीने आठ किलो नेलं. तिला घरच्या गिऱ्हाइकांत मोजायचं की तिच्यासारख्या मेसवाल्यांना वेगळे प्रश्न विचारायचे?

खानावळ_जळगाव

वेगळे विचारा बाई. आम्ही पंधरा दिवसांचं एकदम भरतो, उधारी मागतो आणि पीठ थोडं जाड निघालं तरी ओरडतो. तिला आधी एवढंच विचारा, आत्तापर्यंत कळणा कुठून घेत होती आणि तिथला का सोडला.