दहा मिनिटांचा संदेश: पहिल्यांदा उभं राहताना तुम्ही तयारी कशी केलीत?

चिंचेची सावली
जय ख्रिस्त सगळ्यांना. नाताळाआधीची आवराआवर चालू आहे. दादांच्या जुन्या पवित्र शास्त्रात मार्काच्या दहाव्या अध्यायापाशी एक चिठ्ठी सापडली, पोस्टकार्डाएवढी. दादा मिशनच्या शाळेत मास्तर होते. आमच्या गावात पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे, त्यांच्याकडे बरीच गावं होती. बाकीच्या रविवारी संदेश दादाच द्यायचे.

चिठ्ठीवर सगळ्यात वर एकच वाक्य, खाली रेघ मारलेली: ‘गर्दी गप्प करते, येशू थांबतो.’ मध्ये नुसते शब्द: रस्त्याकडेला, गप्प, थांबला, काय हवं. आणि तळाशी दोन वाक्यं पूर्ण लिहिलेली: ‘आज उपासना झाल्यावर दारात थांबा. जो कुणाशी न बोलता निघून जातो त्याला हाक मारा आणि विचारा, तुझ्यासाठी काय करू?’ बस्स, यावर संदेश व्हायचा आणि लोक खरंच दारात थांबायचे, हे मी लहानपणी पाहिलंय.

आता भाच्याला युवक रविवारी दहा मिनिटं दिली आहेत. त्याने नऊ पानं लिहिलीत आणि अजून शेवट सापडत नाहीये. तुम्ही पहिल्यांदा उभे राहिलात तेव्हा काय केलंत ते लिहा. पोरगा हा धागा वाचणार आहे.

जुनी पेटी
चिठ्ठीचा फोटो जपून ठेवा ताई. आमच्या सोलापूरकडचे जुने मास्तर पण असंच करायचे. मी बरीच वर्षं खेड्यातल्या मंडळ्यांत संदेश देतोय, पाळक नाही, बँकेतून निवृत्त. भाच्यासाठी दादांचाच उतारा घेऊन सांगतो.

मार्क १०:४६ ते ५२. सातच वचनं, पण आत किती काय आहे बघा. आंधळा भिकारी बार्तीमय, त्याला दटावणारी गर्दी, ‘दाविदाच्या पुत्रा’ अशी हाक, फेकलेलं वस्त्र, विश्वास, आणि बरा झाल्यावर येशूच्या मागे चालू लागणं. नवखा माणूस प्रत्येकावर दीड-दीड मिनिट बोलतो, दहा मिनिटं संपतात आणि ऐकणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. नऊ पानं अशीच होतात.

मी पहिल्यांदा उताऱ्याच्या आधीचं वाचतो. ३५ व्या वचनापासून याकोब आणि योहान येतात. येशू त्यांना विचारतो, तुमच्यासाठी काय करू? ते मागतात गौरवातल्या जागा, उजवी आणि डावी. थोड्याच ओळींनंतर तोच प्रश्न तो रस्त्याकडेच्या भिकाऱ्याला विचारतो. तो मागतो दृष्टी. हे दिसलं की दोन मुद्दे समोर येतात. एक, येशू गर्दी थांबवून एका माणसासाठी थांबतो. दुसरा, त्याच प्रश्नाला आपण काय उत्तर देतो. दोन्ही चांगले आहेत. पण दहा मिनिटांत एकच घ्यायचा, दुसरा पुढच्या वेळी.

मग तो मुद्दा एका पूर्ण वाक्यात लिहायचा. ‘विश्वासाचे महत्त्व’ हे वाक्य नाही, तो नुसता विषय झाला. कोण काय करतो ते त्यात यायला हवं. दादांचं वाक्य बघा, त्यात दोन क्रियापदं आहेत. त्यानंतर नऊ पानांतला प्रत्येक परिच्छेद त्या वाक्याशेजारी धरायचा. वस्त्राबद्दलचा परिच्छेद गर्दी आणि थांबणं यात बसतो का? नाही. काढा. यरीहो शहराचा इतिहास? काढा. दुखतं, पण काढा.

रानमेवा ७२
वस्त्र काढू नका हो! तोच तर सगळ्यात भारी भाग आहे. त्या काळी भिकाऱ्यांना सरकारकडून खास वस्त्र मिळायचं, भीक मागायचा परवानाच तो. त्याने परवाना फेकून दिला म्हणजे जुनं आयुष्य फेकलं. मी हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आणि मुद्दे तीन हवेतच, एकाच अक्षराने सुरू होणारे, म्हणजे लोकांच्या लक्षात राहतात. हाक, हिंमत, हर्ष.

पापडाचं पीठ
मला पण विचारलंय स्त्री संघाकडून पुढच्या महिन्यात 😬 दहा मिनिटं म्हणजे माझं ऑपरेशन झालं तेव्हा देवाने कसं सांभाळलं ते सांगायचं ना? ते तर मी तासभर सांगेन. कुकर लावलाय, येते परत

जुनी पेटी
@रानमेवा, लक्षात राहण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, ज्याच्याकडे अर्धा तास आहे त्याने तीन मुद्दे जरूर घ्यावेत. दहा मिनिटांत मात्र प्रत्येकाला तीनच मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात मुद्दा नुसता सांगून होतो, उलगडत नाही. परवान्याची गोष्ट मीही अनेकदा ऐकली. शास्त्रात एवढंच आहे की त्याने वस्त्र टाकलं आणि तो उठून आला. परवान्याला काही पुरावा मला कुठल्या भाष्यात मिळालेला नाही, एकाचं ऐकून दुसरा सांगतो. सुईच्या नाकाची यरुशलेमेत लहान वेस होती म्हणतात, त्याचंही तसंच. अंगावर काटा आणणारी माहिती मिळाली की ती उताऱ्यातच आहे का ते आधी बघायचं, हे भाच्याने आजच शिकून ठेवावं.

@पापडाचं पीठ, ती साक्ष झाली ताई. साक्षीत देवाने माझ्यासाठी काय केलं ते येतं, संदेशात उतारा काय म्हणतो ते येतं. स्त्री संघाला नक्की काय हवंय ते आधी अध्यक्षबाईंना विचारून घ्या. संदेश हवा असेल तर ऑपरेशनला दीड मिनिट द्या, उतारा समजायला मदत होईल तेवढंच.

खाडीकाठ
वसईहून. आमच्याकडे थोडं वेगळं आहे. मिस्सामध्ये शुभवर्तमानानंतरचं प्रवचन फादर किंवा डीकनच देतात, आम्ही नाही. आम्हा प्रापंचिकांना बोलायची वेळ येते ती घरच्या प्रार्थनेत, रोझरीनंतर किंवा कुणी वारल्यावर. दुःखाच्या घरी तर दहा मिनिटंही जास्त. बार्तीमयाचं हे वाचन आमच्याकडे तीन वर्षांच्या वाचनचक्रातल्या ब वर्षात तिसाव्या सामान्य रविवारी येतं, ऑक्टोबरच्या शेवटी.

मला शेजारच्या काकूंच्या घरी बोलायला सांगितलं तेव्हा बहिणीने एक युक्ती सांगितली. आदल्या रात्री तिला स्वयंपाकघरात बसवून मोठ्याने बोलून दाखवलं आणि लगेच विचारलं, मी काय सांगितलं? तिने माझं विहिरीचं उदाहरण सगळं रंगवून सांगितलं, मुद्दा काही सांगता आला नाही. म्हणजे उदाहरण मुद्द्याला खाऊन बसलं होतं. उदाहरण निम्मं केलं, मुद्द्याचं वाक्य त्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा म्हटलं. मग तिला सांगता आलं.

रानमेवा ७२
@जुनी पेटी, परवान्याचं बघतो. आमच्या पाळकांना विचारतो. पण मत्तयात दोन आंधळे आहेत आणि लूक म्हणतो की येशू यरीहोजवळ येत असताना हे घडलं, मार्क म्हणतो निघताना. ते कोणी विचारलं तर?

जुनी पेटी
विचारलं तर उपासनेनंतर चहाला बसून बोला, चांगला प्रश्न आहे. संदेशात ते काढलं की चार मिनिटं तिथेच जातात आणि लोक आंधळे मोजत घरी जातात. मार्क वाचलाय तर मार्कच सांगा.

भाचा बोलतोय
मावशीने लिंक दिली. धन्यवाद काका. नऊची तीन पानं झाली. पण पूर्ण लिहून वाचू की मुद्दे घेऊन बोलू? आणि शेवट जमत नाहीये. ‘तर प्रियांनो आपणही बार्तीमयाप्रमाणे’ असं लिहिलं की पुढे काय ते कळत नाही. मग अजून एक वचन घालतो, मग अजून एक.

जुनी पेटी
बाळा, शेवट आधी लिही. आजच. वरचं वाक्य ठरलं की लगेच शेवटची दोन-तीन वाक्यं, शब्दन् शब्द. ‘आपणही बार्तीमयाप्रमाणे’ तिथे अडतं कारण त्यात करायला काही नाही. आणि तुझा मुद्दा थांबण्याचा असेल तर मंडळीने बार्तीमय कशाला व्हायचं? त्या गोष्टीत आपण गर्दी आहोत. दादांनी मंडळीला गर्दीच्या जागी उभं केलं, म्हणून त्यांना दारात थांबा असं म्हणता आलं. कुठे, केव्हा, कोणाला, सगळं त्यात आहे.

शेवटात नवीन वचन नाही, नवीन उदाहरण नाही. ‘शेवटी’ हा शब्द एकदाच. आणि नंतरच्या प्रार्थनेत संदेश परत सांगायचा नाही, लोक डोळे मिटून दुसरा संदेश ऐकत बसतात.

वेळेचं म्हणशील तर मी सावकाश बोलतो, मिनिटाला साधारण शंभर शब्द. म्हणजे सगळं मिळून हजार. उताऱ्याचं वाचन दुसऱ्या कुणाला तरी दे, ते दहा मिनिटांत धरू नकोस. पहिलं मिनिट गर्दीच्या चित्राला, चार उताऱ्याला, तीन आपल्या मंडळीतल्या रस्त्याकडेच्या माणसांना, उरलेली दोन शेवटाला. घड्याळ लावून उभा राहून बोल, मनात वाचलं की वेळ नेहमी कमी वाटतो.

एक अजून. जाहिराती लांबल्या तर तुझे दहाचे सहा होतील. तेव्हा काय गाळायचं ते आधीच पेन्सिलीने खूण करून ठेव. मधलं उदाहरण गाळ. शेवट कधीच नाही.

ओवी अभंग
मला दहा मिनिटांचं हे वेडच पटत नाही. आमच्या नगरकडे ख्रिस्ती कीर्तन व्हायचं, पेटी तबला, दोन-दोन तास, लोक हलायचे नाहीत. ना. वा. टिळकांच्या पदांवर माणसं रडायची. आता सगळ्यांना घाई. माणसाला ऐकायला वेळ लागतो, भिजायला वेळ लागतो.

खाडीकाठ
कीर्तनात पण पूर्वरंगाला एकच विषय धरतात ना? मग उत्तररंगात त्याचंच आख्यान. वेळ जास्त, मुद्दा एकच.

ओवी अभंग
ते खरं. पण गाणं असतं हो मध्ये.

पापडाचं पीठ
परत आले. अध्यक्षबाई म्हणाल्या संदेशच हवाय, साक्ष नाही 🙈 मग मी रूथ घेऊ का? की आख्खा अध्याय मोठा होईल? वाचायचं की बोलायचं ते भाच्याचं कुणी सांगितलंच नाही अजून.

चिंचेची सावली
दादा कधीच वाचत नसत. पण त्यांना शाळेत बोलायची सवय होती.

खाडीकाठ
मी तर पूर्ण लिहून वाचते, हात थरथरतात म्हणून. वाक्यं बोलायच्या भाषेत लिहिते आणि मोठ्या अक्षरात. कुणाला वाचल्यासारखं वाटलं नाही अजून.

जुनी पेटी
मी उलट सांगेन, पहिलं वाक्य आणि शेवट लिहून, मधलं बोलून. पण तुझेही हात थरथरत असतील तर खाडीकाठ म्हणतात ते करून बघ, आवाजावरून कळेल. रूथ १:१६-१७ ताई, दोनच वचनं घ्या, सगळा दुष्काळ सांगू नका.

भाचा बोलतोय
मुद्दा: येशू थांबतो, म्हणून आपण थांबू. शेवट दादांचाच घेतला तर चालेल का मावशी? आमच्या दारात गर्दी होते, चपला काढायची जागा लहान आहे, तिथे थांबलं तर लोक ढकलतात.

चिंचेची सावली
मग चहाच्या टेबलापाशी थांबायला सांग. आणि संदेशानंतर कोणतं गीत आहे ते पेटीवाल्याला आजच फोन करून विचार, मागच्या युवक रविवारी शोधण्यातच पाच मिनिटं गेली होती.