ट्रेमोलो आर्म, लॉकिंग ब्रिज, डाइव्ह बॉम्ब: मराठीत कसं लिहाल?

अर्धविराम
एका दिवाळी अंकासाठी इलेक्ट्रिक गिटारवरचा लेख मराठीत करतोय. एका वाक्यावर संपादकबाईंशी अडलंय. मूळ लेखकाला म्हणायचंय की ट्रेमोलो आर्म, म्हणजे सूर खाली-वर करणारी दांडी, आणि तारा पकडून धरणारा लॉकिंग ब्रिज आल्यावर गिटार बेसूर न होता डाइव्ह बॉम्ब मारता येऊ लागले, म्हणजे दांडी दाबून सूर थेट खाली सोडता येऊ लागला. मी लिहिलं: "कंपदांडा आणि कुलूपबंद पूल यांमुळे गिटार बेसूर न होता बॉम्बफेक शक्य झाली." बाईंचा शेरा: "हे वाद्याबद्दल आहे की पूल उडवण्याबद्दल?" नेमके शब्द सुचवा. लेख सर्वसामान्य वाचकांसाठी आहे.

तारगहन
बाईंचं बरोबर आहे. पूल नदीवर असतो, तंतुवाद्यावर घोडी असते. सतार, तानपुरा, व्हायोलिन, सगळीकडे घोडीच. कुलूपबंद घोडी म्हणा. आणि खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्याच्या खाचांतून जातात त्या नटाला तारगहन म्हणतात, शब्द शोधायची गरजच नाही.

पणजीकर
आमच्या बँडात तीस वर्षं सगळे नुसतं 'बार' म्हणतात. फार तर 'व्हॅमी'. लॉकवाला असेल तर 'फ्लॉइड'. "फ्लॉइड आहे का साधा आहे?" एवढंच विचारतात. कंपदांडा म्हणालात तर माइकचा स्टँड आणून देतील.
बाकी फ्लॉइड रोज या माणसाचा लॉकवाला ब्रिज आला म्हणून तर व्हॅन हेलनचा पहिला अल्बम झाला, हेही लेखात टाका.

सोल्डर
गिटार दुरुस्तीचं काम करतो, म्हणून लिहितो. आधी 'कंप' या शब्दाचं बघू. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं, किंवा मँडोलिनवर एकच सूर भराभर छेडणं. दांडी यातलं काहीच करत नाही. ती सूरच खाली-वर नेते, त्याला व्हायब्रेटो म्हणतात. गोंधळ लिओ फेंडरच्या कंपनीतून आला. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर त्यांनी सूर हलवणारी घोडी बसवली आणि तिला ट्रेमोलो म्हटलं. त्यांच्याच कितीतरी अॅम्प्लिफायरांवर मात्र आवाज लहान-मोठा करणाऱ्या सोयीपुढे 'व्हायब्रेटो' छापलेलं असे. दोन्ही नावं उलटी, आणि दोन्ही टिकली. तेव्हा तुम्ही 'ट्रेमोलो'चं भाषांतर केलंत तर चुकीच्या नावाचं बरोबर भाषांतर होईल. नुसतं 'दांडी' लिहा.

पणजीकर, व्हॅन हेलनचा पहिला अल्बम १९७८ चा. तो साध्या, फेंडर पद्धतीच्या घोडीवर वाजवलेला आहे, लॉक कुठेही नाही. फ्लॉइड त्यांचा गिटारिस्ट एडी व्हॅन हेलन याच्या हातात नंतर आला.

पणजीकर
मग त्याची गिटार सुरात कशी राहिली? आमच्या गिटारिस्टची साध्या स्ट्रॅटवर दोनदा दांडी दाबली की गेली कामातून.

सोल्डर
नटाच्या खाचा मोकळ्या करून, त्यात तेल घालून, आणि तरीही मधूनमधून खुंट्या पिळून. हेंड्रिक्सने १९६९ ला वुडस्टॉकला अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवताना दांडी दाबून बॉम्ब पडल्याचे आवाज काढले, तेही साध्या घोडीवर. म्हणजे डाइव्ह बॉम्ब लॉकमुळे सुरू झाले नाहीत. ते मारून झाल्यावर पुढची ओळ सुरात वाजवण्याची खात्री लॉकमुळे आली. अर्धविराम, मूळ वाक्यातला भार तिथे आहे.

अर्धविराम
हे उपयोगाचं आहे. पण दांडी दाबली की तार सैल पडते, सोडली की पुन्हा ताणली जाते. मग बिघडतं काय? हे मलाच कळलं नाही तर वाचकाला काय सांगणार.

सोल्डर
घोडी जागेवरून पुढे कलते, तारा ढिल्या पडतात. पण तार नटापाशी संपत नाही. नटाच्या पलीकडे खुंटीपर्यंत बोटभर किंवा जास्त तार उरते आणि तिथे ताण शिल्लक असतो. तो सैल पडलेली तार खाचेतून खुंटीकडे थोडी ओढून घेतो. आता दांडी सोडा. तार उलट सरकून पूर्ण परत यायला हवी, पण खाचेत घर्षण आहे, ती अडकते. वाजणाऱ्या भागात तार किंचित कमी पडली, म्हणून सूर चढा लागतो. बऱ्याच लोकांना वाटतं की डाइव्हनंतर सूर उतरतो. नट अडकत असेल तर चढतो. खात्री करायची असेल तर डाव्या हाताने तीच तार एकदा जोरात बेंड करा. नटापाशी 'टिंग' असा बारीक आवाज आला आणि सूर जागेवर बसला, तर दोष खाचेचाच. उतरत असेल तर खुंटीवरचे वेढे सैल आहेत, किंवा तारा नव्या आहेत आणि अजून ताणल्या जातायत.

फ्लॉइड रोजने हे सरकणंच काढून टाकलं. हा स्वतः गिटार वाजवणारा माणूस, दागिने घडवायचा. १९७६ च्या सुमाराला त्याने आपल्याच हत्यारांनी पितळेचा नट केला, ज्यात तार वरून स्क्रूने दाबून धरलेली. मग घोडीतही तसंच. आता तारेचा जेवढा तुकडा दोन चिमट्यांच्या मध्ये आहे, तेवढाच ढिला होतो आणि तेवढाच ताणला जातो. सरकायला वावच नाही. पेटंट १९७९ ला मिळालं.

तारगहन
म्हणजे 'कुलूपबंद' चुकीचं. कुलपाला किल्ली लागते. ही पकड झाली. 'पकड घोडी'.

सोल्डर
किल्ली लागते की, ३ मिलिमीटरची ॲलन की. :)

दोन_मुलांची_आई
माझा मुलगा नववीत आहे, त्याच्याकडे ही फ्लॉइड रोज वाली गिटार आहे. तारा बदलायला एका दुकानात दिली होती. तिथे 'दहाचा सेट चांगला' म्हणून जाड तारांचा घातला, आधी नऊचा, बारीक तारांचा होता. आता ब्रिज मागून वर उचललाय, तारा उंच झाल्यात आणि कितीही सुरात लावली तरी दुसरी तार बिघडते. दुकान म्हणतं तुमचाच ब्रिज खराब. नवीन घ्यावा लागेल का?

अर्धविराम
ताई, इथे शब्दांची चर्चा चाललीय...

सोल्डर
असू द्या. ताई, ब्रिज खराब असेल असं तुमच्या वर्णनावरून तरी वाटत नाही. ही घोडी तागडीसारखी दोन बाजूंच्या ओढीवर तरंगते. वरून तारा ओढतात, गिटारच्या पाठीतल्या खोबणीतून स्प्रिंग ओढतात. नऊच्या सेटची एकूण ओढ सुमारे ३८-३९ किलो, दहाच्या सेटची ४७ च्या आसपास. आठेक किलो एका बाजूला वाढले, दुसरीकडे काहीच नाही, म्हणून घोडी पुढे झुकली आणि मागून वर आली. एक तार चढवली की घोडी आणखी झुकते आणि बाकीच्या उतरतात, म्हणून तो कितीही लावत बसला तरी जमत नाही.

करायचं असं. नटावरची तिन्ही पकडी मोकळ्या करा. घोडीवरचे छोटे फिरकी स्क्रू, म्हणजे फाइन ट्यूनर, मधोमध आणा. पाठीवरचं झाकण काढा. स्प्रिंगा ज्या पंजाला अडकवल्यात, तो लाकडात दोन लांब स्क्रूंनी बसवलेला असतो. दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आत घ्या, खुंट्यांनी सहाही तारा सुरात लावा आणि घोडी बाजूने बघा. अजून उचललेली असेल तर पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा सूर. घोडी गिटारच्या अंगाला समांतर आली की थांबा. स्क्रू संपत आले तरी जमलं नाही, तर एक स्प्रिंग वाढवावी लागेल. सगळ्यात शेवटी नट आवळायचा. आवळताना सूर थोडा हलतो, तो फाइन ट्यूनरने आणायचा. सुरुवातीच्या फ्लॉइडला हे फाइन ट्यूनर नव्हते. नट आवळला की जे काय लागलं असेल ते लागलं.
किंवा सरळ नऊचा सेट परत घाला.

तारगहन
फाइन ट्यूनर म्हणजे मणी! तानपुऱ्याच्या घोडीखाली तारेत मणी ओवलेले असतात. सूर खुंटीने ढोबळ लावायचा आणि मण्याने नेमका. काम तेच, जागाही साधारण तीच. आपल्याकडे शब्द होता, फक्त कुणी विचारलं नाही.

पणजीकर
तारगहन, तुमच्या तानपुऱ्यावर डाइव्ह मारून दाखवा, मग मणी म्हणू.

धातुसाधित
मूळ प्रश्नातला 'डाइव्ह' सगळे विसरले का? मराठीत पोहणारे विहिरीत सूर मारतात. गिटारवाला सूर खाली नेतो. दोन्ही सूर! 'सूर मारणे' हा तयार शब्द समोर आहे. माझी खात्री आहे की विहिरीतला सूरही मुळात संगीतातूनच आला, उंचावरून खाली येण्याच्या कल्पनेने.

तारगहन
व्युत्पत्ती अशी खात्रीने ठरत नसते. आणि 'गिटारवर सूर मारला' वाचून नवख्या माणसाला काय कळणार? 'सूर लावला'सारखंच काहीतरी वाटेल.

धातुसाधित
संदर्भाने कळेल. 'बॉम्बफेक' कळलं होतं का?

पणजीकर
लॉक आवळलं की विषय संपला असं सगळे म्हणतात, पण आमच्या माणसाची फ्लॉइडवालीसुद्धा हल्ली बिघडते. दाबली की एक सूर, वर ओढून सोडली की दुसरा.

सोल्डर
सहाही तारा एकदम हलतात की एकच? एकच असेल तर ती पकडीतून निसटतेय, तो स्क्रू आवळा. पण फार आवळू नका, ठोकळे चिरतात. सगळ्या मिळून हलत असतील तर घोडी ज्या दोन खुंटांवर टेकते तिथली सुरीसारखी धार बोथट झाली असणार. धार शाबूत असेल तर घोडी दर वेळी एकाच जागी परतते. बोथट असेल तर दाबून सोडल्यावर एका जागी थांबते आणि ओढून सोडल्यावर दुसऱ्या. लॉक तारेचं सरकणं थांबवतं, घोडीचं नाही. स्वस्त नकलांमध्ये मऊ धातू वापरतात, त्यांची धार लवकर जाते. आणि तरंगत्या घोडीवर कार्यक्रमात एक तार तुटली, तर उरलेल्या पाचही चढतात. म्हणून फ्लॉइडवाला माणूस दुसरी गिटार तयार ठेवतो.

दोन_मुलांची_आई
स्क्रू तीन वेळा फिरवल्यावर ब्रिज खाली आला! नट अजून आवळला नाही, मुलगा शाळेतून आल्यावर करेल. ते चार आण्याएवढे रबराचे तुकडे स्प्रिंगांना लावलेत ते ठेवायचे ना?

सोल्डर
ठेवा. स्प्रिंगा गुणगुणतात, ते बंद करायला कुणीतरी लावलेत.

अर्धविराम
सध्याचा मसुदा: "दांडी दाबून सूर थेट खाली सोडायची करामत वादक आधीही करत, पण त्यानंतर गिटार सुरात राहील याचा भरवसा नसे. तारा दोन्ही टोकांना पकडून धरणारी घोडी आल्यावर तो भरवसा आला." डाइव्ह बॉम्ब कंसात ठेवतोय. बाईंना चालेल असं वाटतंय. पुढच्या परिच्छेदात स्प्रिंगा आहेत, त्या तशाच ठेवतो.

तारगहन
स्प्रिंगला 'कमान' हा उत्तम मराठी शब्द आहे. घड्याळाची कमान म्हणतोच ना आपण.

सोल्डर
कुठल्याही दुकानात "तीन कमानी द्या" म्हणून बघा. टेम्पोच्या गॅरेजचा पत्ता देतील.