झोपलेली प्रोसेस मारली तर ती जागेवरच मरते की उठून मरते?

चिमणी
इंटर्नलला प्रश्न आला होता: "प्रोसेसच्या पाच अवस्थांची आकृती काढा. ब्लॉक्ड प्रोसेसला दुसऱ्या कोणी संपवलं तर ती कोणत्या बाणाने जाते?" मी ब्लॉक्डपासून थेट टर्मिनेटेडकडे बाण काढला. सरांनी त्यावर लाल फुली मारली. म्हणे असा बाणच नसतो, मरायचं तर रनिंगमधूनच. माझ्या मैत्रिणीच्या पुस्तकात हा बाण छापलाय, माझ्या पुस्तकात नाही. 2 मार्कांचा प्रश्न आहे, पण डोक्यातून जात नाहीये. बाण आहे की नाही?

पाटीपेन्सिल
बाण आहे. मी हा विषय शिकवते आणि मी असते तर पूर्ण मार्क दिले असते. ब्लॉक्ड म्हणजे काय, तर त्या प्रोसेसचं नाव कुठल्या तरी वाट बघणाऱ्यांच्या रांगेत लागलेलं असतं. कर्नलने रांगेतून नाव काढायचं, मेमरी परत घ्यायची, उघड्या फायली बंद करायच्या, विषय संपला. जिला मारायचंच आहे तिला आधी रेडीच्या रांगेत उभं करून सीपीयू कशाला द्यायचा? फाशीच्या कैद्याला आधी नोकरी लावण्यातला प्रकार झाला.

खिडकीवाला
माझ्याकडे रोज होतं हे. एक्सेल मध्येच पांढरं पडतं, वर Not Responding लिहून येतं. म्हणजे ब्लॉक्डच ना? मी टास्क मॅनेजरमधून उडवतो, जागेवर मरतं. बाण आहे.

जुनंखोड
खिडकीवाले, Not Responding म्हणजे ब्लॉक्ड असेलच असं नाही. खिडकीला आलेले संदेश तो प्रोग्रॅम काही सेकंद उचलत नाहीये, एवढंच विंडोज सांगतं. एक्सेल आत मोठा हिशेब करत असेल तर ते चक्क रनिंगमध्ये असतं. तुमचं उदाहरण इथे लागू नाही.

पाटीपेन्सिल मॅडम, तुमची रांग, मेमरी, फायली ही यादी बरोबर आहे, पण एक गोष्ट सुटली. प्रोसेस झोपते ती कर्नलच्या आत, एखाद्या फंक्शनच्या मधोमध. `read()` मागितलं, कर्नलमध्ये शिरली, दोन-चार फंक्शनं खोल गेली आणि तिथे झोपली. वाटेत तिने एखादं लॉक घेतलेलं असू शकतं, फाइल सिस्टिमची एखादी नोंद अर्धी लिहिलेली असू शकते. हे सगळं तिच्या स्वतःच्या कर्नल स्टॅकवर आहे. बाहेरच्या कोणी तिला तशीच पुसून टाकली तर ते लॉक सोडणार कोण? पुढे त्या लॉकसाठी येणारा प्रत्येक जण कायमचा अडकेल. म्हणून आवराआवर तिनेच करायची असते, आणि आवरायला सीपीयू लागतो.

xv6 ही शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्या `kill()` मधलं मुख्य काम एवढंच:

```c
p->killed = 1;
if(p->state == SLEEPING){
  p->state = RUNNABLE;
}
```

यात मारणं कुठे दिसतंय का? एक खूण केली, झोपली असेल तर उठवून रेडीत टाकली, बस. पुढे शेड्युलर तिला सीपीयू देतो, ती झोपेच्या लूपमधून बाहेर येते, खूण बघते, मागे फिरते, आणि यूजर मोडमध्ये परतण्याआधी स्वतःच `exit()` बोलावते. म्हणजे ब्लॉक्ड ते रेडी, रेडी ते रनिंग, मग टर्मिनेटेड. सर बरोबर.

पाटीपेन्सिल
कोड मान्य. पण xv6 ही एक सिस्टिम झाली, मॉडेल नव्हे. मॉडेल बाहेरून बघणाऱ्यासाठी असतं. पालक प्रोसेसने झोपलेल्या पोराला संपवलं, तर बाहेरून दिसतं काय? होतं ते ब्लॉक्ड, आता टर्मिनेटेड. मध्ये कर्नलमध्ये काही मायक्रोसेकंद धावली, तिच्या प्रोग्रॅमची एकही ओळ चालली नाही. त्याला रनिंग म्हणायचं?

रात्रपाळी
दोघांनाही विचारतो, जी मरतच नाही तिचं काय?

मागच्या महिन्यातली गोष्ट. जुनी यूएसबी हार्ड डिस्क, तिच्यावर 40 जीबी फोटो टाकत होतो. कॉपी झाली, मग `sync` दिलं आणि ते बसलं ते बसलंच. डिस्कमधून टिक टिक आवाज. दुसऱ्या टर्मिनलमधून `kill -9` दिलं, तीनदा दिलं, ढिम्म. `ps` मध्ये D. शेवटी वैतागून केबल उपटली, आणि `sync` त्याच क्षणी मेलं. `kill` ने मेलं नाही, केबलने मेलं. तुमच्या आकृतीत केबलचा बाण कुठला?

(फोटोंचं विचारू नका.)

जुनंखोड
केबलचा बाण म्हणजे "घटना घडली", ब्लॉक्ड ते रेडी. तुमचं `sync` डिस्कचं लिखाण संपण्याची वाट बघत होतं. केबल काढल्यावर लिखाण संपलं, यशस्वी नाही, एरर येऊन संपलं, पण संपलं. वाट बघणाऱ्याला तेवढं पुरतं. ते उठलं, धावलं, आणि परतीच्या वाटेवर तुमचा `kill -9` तिथे पडलेलाच होता, तो त्याला दिसला. पहिल्याच `kill` ला तो पोचला होता. पुन्हा असं झालं तर हे बघा:

```
grep ShdPnd /proc/<PID>/status
ShdPnd: 0000000000000100
```

त्यातला 1 हा नववा बिट, म्हणजे 9 नंबरचा सिग्नल दाराशी ताटकळत उभा आहे. तीनदा `kill` देऊन काही जास्त होत नाही, बिट एकच आहे.

लिनक्समध्ये झोपेचे प्रकार आहेत. S मध्ये झोपलेलीला सिग्नल उठवू शकतो, D मधलीला सहसा नाही, ती फक्त ज्या घटनेची वाट बघतेय तीच उठवते. "सहसा" म्हणालो कारण 2008 च्या 2.6.25 कर्नलपासून तिसरा प्रकार आला, दिसायला D पण `kill -9` ला उठणारा. त्यामुळे नुसतं D बघून ही मरणार नाही असं छातीठोक सांगता येत नाही.

xv6 मध्ये हा भेद नाही, तिथे `kill` सरसकट सगळ्यांना उठवतं. पण डिस्कची वाट बघणाऱ्या लूपमध्ये ती खूण तपासलेलीच नाही. मग ती उठते, काम झालेलं नाही असं बघते आणि पुन्हा झोपते. ब्लॉक्ड, रेडी, रनिंग, परत ब्लॉक्ड. पाइपवर झोपली असेल तर मात्र लूपमध्ये खूण तपासतात, तिथून ती लगेच बाहेर पडते.

मॅडम, थेट बाण खरा असता तर रात्रपाळींचं `sync` पहिल्या फटक्यात गेलं असतं.

चिमणी
हे "उठून मरते" मला डोळ्यांनी बघता येईल का? मी `sleep 1000` चालवून मारलं, `ps` मध्ये आधी S होतं, नंतर ओळच गायब. मधलं काही दिसलं नाही. म्हणजे माझा बाण!

जुनंखोड
मधलं दिसत नाही कारण सीपीयू मोकळा आहे, उठल्या उठल्या तिला तो मिळतो. मिळू देऊ नका. स्वतःच्या लॅपटॉपवर करा, दोन तरी कोअर हवेत, आणि कॉलेजच्या सर्व्हरवर अजिबात नको:

```
taskset -c 0 sleep 1000 &
P=$!
sudo taskset -c 0 chrt -f 50 sh -c 'while :; do :; done' &
kill -9 $P; ps -o stat= -p $P
```

`sleep` ला 0 नंबरच्या कोअरला बांधलं, आणि त्याच कोअरवर एक रिअल-टाइम दांडगा बसवला जो साध्या प्रोसेसला जागा देत नाही. `sudo` पासवर्ड विचारत असेल तर आधी एकदा `sudo -v` देऊन ठेवा. शेवटची ओळ दांडगा सुरू झाल्यावर द्या. आणि नंतर दांडग्याला मारायला विसरू नका, नाहीतर पंखा रात्रभर ओरडेल.

चिमणी
केलं! पाच वेळा. चार वेळा R आलं, एकदा काहीच आलं नाही. आणि R आल्यावर साधारण सेकंदाच्या आत पुन्हा `ps` दिलं तर गायब.

`sleep` मध्ये R मी जन्मात पाहिला नव्हता. पण R म्हणजे रनिंग ना? मग ती धावत होती?

जुनंखोड
लिनक्स रेडी आणि रनिंग या दोघांना एकच अक्षर देतं. कोअर 0 तर दांडग्याने बळकावलेला होता आणि `sleep` ला दुसरीकडे जाता येत नव्हतं, म्हणजे तुम्ही पाहिला तो रेडी. मारलेली, पण मरायला सीपीयू मिळत नाही म्हणून रांगेत उभी. सेकंदाच्या आत गेली कारण रिअल-टाइमवाल्यांनाही कर्नल पूर्ण सेकंद देत नाही, मूळ सेटिंगमध्ये दर सेकंदातली 5 टक्के वेळ बाकीच्यांसाठी राखलेली असते. पाचव्या वेळी तुमचा `kill` बहुधा त्या फटीत पडला.

खिडकीवाला
मग विंडोजमध्ये मी उडवतो ते पण असंच?

जुनंखोड
बऱ्यापैकी. तिथेही प्रोसेसच्या प्रत्येक थ्रेडला कर्नल निरोप धाडतो आणि थ्रेड स्वतःच्या पायाने बाहेर पडतो. म्हणूनच बिघडलेल्या ड्रायव्हरमध्ये अडकलेला प्रोग्रॅम टास्क मॅनेजरलाही दाद देत नाही.

पाटीपेन्सिल
प्रयोग छान आहे, उद्या वर्गात करणार. यंत्रात काय होतं यावर माझं म्हणणं मागे घेते, मरणाऱ्याला सीपीयू लागत नाही हे चुकीचं होतं.

आकृतीवर मात्र ठाम आहे. प्रश्नपत्रिकेत xv6 किंवा लिनक्स असं लिहिलेलं नव्हतं. आणि तुमच्या न्यायाने गेलं तर "वेळ संपली" हा रनिंग ते रेडी बाणही खोटा ठरेल, कारण टायमरचा इंटरप्ट आल्यावर प्रोसेस आधी कर्नलमध्ये शिरते, तिथे थोडी धावते, आणि मग स्वतःच सीपीयू सोडते. तो बाण काढताना आपण मधलं कर्नलातलं धावणं मोजत नाही. मग इथेच का मोजायचं?

जुनंखोड
कारण तिथे मधलं धावणं अडू शकत नाही, ती आधीच सीपीयूवर आहे. इथे अडतं, चिमणीने आत्ताच चार वेळा अडवून दाखवलं. पण टायमरचा मुद्दा चांगला आहे, त्यावर विचार करतो.

रात्रपाळी
दोन मार्कांचं काय ठरलं?

चिमणी
सोमवारी लॅपटॉप घेऊन सरांकडे जाणार आहे. R दाखवला तर माझीच फुली पक्की होणार, हे आत्ता लक्षात आलं.