अनुभव धागा: संशोधनासाठी प्राध्यापकांना पहिला मेल कसा लिहिलात?

उन्हाळी प्रकल्पासाठी किंवा प्रबंधासाठी अनोळखी प्राध्यापकांना लिहिलेला मेल आठवत असेल तर मजकुरासकट सांगा. पेपर वाचल्याचं कसं दाखवलंत, वेळ कसा कळवलात?

तारांगण: मी एमएस्सी फिजिक्सला होते. सरांच्या पेपरमध्ये एका रेडिओ दीर्घिकेचा स्पेक्ट्रल इंडेक्सचा, म्हणजे फ्रीक्वेन्सीनुसार तेज कसं बदलतं त्याचा, नकाशा होता. तो जीएमआरटी या पुण्याजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या 150 मेगाहर्ट्झच्या टीजीएसएस आणि अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीच्या 1.4 गिगाहर्ट्झच्या एनव्हीएसएस या आकाश सर्वेक्षणांवरून काढलेला. पहिल्याचं रिझोल्यूशन साधारण 25 आर्कसेकंद, दुसऱ्याचं 45. मी विचारलं, "टीजीएसएसची प्रतिमा आधी 45 ला स्मूद केली होती का? नसेल, तर कडेला इंडेक्स बदलतो तो खरा की बीममधल्या फरकामुळे?" दोन्हीकडच्या प्रतिमा सगळ्यांना खुल्या आहेत, म्हणून मी दुसऱ्या एका दीर्घिकेवर दोन्ही प्रकारे करून पाहिलं होतं, तेही लिहिलं. उत्तर आलं: "केली होती. तुमचे नकाशे पाठवा."

निनाद७: एवढं खोलात कशाला? ॲबस्ट्रॅक्ट वाचायचं, पेपरचं नाव घालायचं आणि भरपूर जणांना पाठवायचं. मला असाच प्रकल्प मिळाला.

मास्तर_पुणे: मला असे मेल दर उन्हाळ्याआधी येतात. निनाद, अनेकांना लिहिणं योग्यच, कारण पुष्कळदा नकार केवळ जागा नाही म्हणून जातो. पण ॲबस्ट्रॅक्टमधलं आमचंच वाक्य आम्हाला परत आलं की पुढे वाचवत नाही. तारांगणच्या प्रश्नातून तिला काय येतं ते मला कळतं, आणि काम काय द्यावं तेही.

माझं खरं अडतं ते "मी कधीही येऊ शकतो" या वाक्याशी. प्रकल्प आठ आठवड्यांचा असेल तर पहिले दोन कासा सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेशन शिकण्यातच जातात. मध्ये परीक्षा आली तर नवा डेटा हाताळणं जमत नाही. हे मला आधी कळलं तर तयार प्रतिमांवरचा विषय देता येतो. जूनमध्ये कळलं तर काम अर्धवट राहतं.

तारांगण: माझ्या मेलमध्ये होतं, "15 मे ते 10 जुलै पूर्ण वेळ, पुण्यात राहून. 3 ते 8 जून परीक्षा आहे, तेव्हा काम होणार नाही. ऑगस्टपासून फक्त शनिवारी, ऑनलाइन."

शाळेतली_बाई: माझं पीएचडीचं आहे, मराठीत. आमच्याकडे आधी गाइडकडे जागा आहे का ते बघावं लागतं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकांकडे आठ, सहयोगींकडे सहा, सहायकांकडे चार विद्यार्थी. मॅडमचे लेख मी वाचून गेले, त्या खूश झाल्या, पण जागा नव्हती. शाळा सांभाळून अर्धवेळ करणाऱ्यांनी काय लिहावं?

मास्तर_पुणे: तुमच्या विद्यापीठाचे अर्धवेळचे नियम मला माहीत नाहीत. पण शाळेचं वेळापत्रक आणि सुट्ट्या पहिल्याच पत्रात सांगा. जागा कधी रिकामी होईल तेही मॅडमना सरळ विचारा.

निनाद७: आणि उत्तरच आलं नाही तर? मी तिसऱ्या दिवशी आठवण करतो.

मास्तर_पुणे: मला दहा दिवस तरी द्या.

तारांगण: दहा दिवसांत कधीकधी अर्जाची मुदतच संपते, सर.