हॅम्बर्गला ९ सीबीएम टॉवेल: एलसीएल पाठवू की सरळ २० फुटी घेऊ?

टेरीवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. सोलापूर एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आजवर माल मुंबईच्या निर्यातदारामार्फत जायचा, आता हॅम्बर्गच्या ग्राहकाची पहिलीच थेट ऑर्डर मिळाली आहे. ९६ खोकी आहेत, प्रत्येक ६० × ४० × ४० सेंमी आणि २२ किलोचं. म्हणजे ९.२ घनमीटर, आपल्या भाषेत सीबीएम, आणि वजन २.१ टन. व्यवहार सीआयएफ हॅम्बर्ग ठरलाय, म्हणजे तिथपर्यंतचं भाडं आणि विमा माझ्याकडे. ३० टक्के आगाऊ मिळाले, बाकीचे बीएलची, म्हणजे जहाजाच्या मालपावतीची, प्रत पाठवल्यावर.

सोलापूरच्या ट्रकपासून समुद्री भाड्यापर्यंत सगळं धरून माझं बजेट ९० हजार आहे. एलसीएलची, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये पाठवायची, दोन कोटेशन हातात आहेत. पहिला फॉरवर्डर समुद्री भाडं शून्य लावतो, दुसरा सीबीएमला ३५ डॉलर. न्हावा शेवाचे इकडचे खर्च दोघांचे जवळपास सारखेच. मला पहिला बरा वाटतोय, पण शून्य भाड्यात त्याला सुटतं काय? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

तासगावकर_बेदाणा
दादा, एलसीएलच्या नादाला लागूच नका. आम्ही बेदाणा फक्त एफसीएलनेच, म्हणजे अख्खा कंटेनर घेऊनच पाठवतो. आपला कंटेनर, आपलं सील, मध्ये कुणाचा हात नाही. चार पैसे जास्त गेले तरी रात्री झोप लागते. २० फुटी घ्या आणि मोकळे व्हा.

टेरीवाला_सोलापूर
काका, २० फुटीत आरामात २५-२६ सीबीएम बसतं, माझा माल ९ आहे. आणि रिकामा कंटेनर न्हावा शेवाहून सोलापूरला आणून भरून परत न्यायचा, तर नुसत्या ट्रेलरमध्येच निम्म्याहून जास्त बजेट जातं.

तासगावकर_बेदाणा
मग ग्राहकाला सांगा ऑर्डर वाढव.

नवी_मुंबई_लॉजी
१५ सीबीएमच्या खाली एलसीएल, वर एफसीएल. एवढा साधा नियम आहे. तुमचे ९ आहेत, विषय संपला. शून्य भाडंवाला घ्या, आजकाल सगळेच शून्य देतात.

उरणकर
१५ चा आकडा सगळीकडे चालत नाही. शिपिंग लाइनींचे कंटेनरचे दर पडले की १०-११ सीबीएमलासुद्धा एफसीएल परवडतं, दर चढले की १८ लाही नाही. हिशेब दोन्ही टोकांचा करावा लागतो, आणि टेरीवाल्यांनी अजून एकाच टोकाचा केलाय.

शून्य भाड्याचं उत्तर देतो. माझी सगळी नोकरी कन्सोलिडेशनमध्येच गेली. कन्सोलिडेटर लाइनकडून अख्खा ४० फुटी हायक्यूब घेतो. आत ७६ सीबीएम जागा असते, पण मिसळ माल पंचावन्न-साठच्या पुढे क्वचितच बसतो. लाइनला तो एका कंटेनरचे ठरलेले पैसे देतो आणि तुमच्यासारख्या पंधरा-वीस जणांकडून सीबीएमप्रमाणे गोळा करतो. कंटेनर अर्धा रिकामा गेला तर खिशातून जातात, म्हणून आधी माल ओढायचा. त्यासाठी इथे भाडं शून्य, कधी उणेसुद्धा. वसुली होते हॅम्बर्गला. तिथला त्यांचा एजंट कंटेनर उघडतो, माल वेगळा करतो, डिलिव्हरी ऑर्डर देतो आणि त्याचे पैसे तुमच्या ग्राहकाकडून घेतो. त्यातला वाटा मुंबईला परत येतो, त्याला आम्ही रिफंड म्हणतो. तुमच्या फॉरवर्डरचा स्वतःचा कन्सोल नसेल आणि त्याने माल को-लोडरला, म्हणजे दुसऱ्या कन्सोलिडेटरला दिला, तर तिकडच्या बिलात आणखी एक हात वाढतो.

दोघांनाही मेल करा: हॅम्बर्गचा एजंट कोण, सीबीएमला किती, ठोक किती, आणि कंटेनर थेट जातो की मध्ये कुठे उघडून दुसऱ्यात भरतात. लेखी मागा. फोनवर सगळे "नॉर्मल चार्जेस" म्हणतात.

मीनल_प
मध्येच बोलते, पण हे सांगायलाच हवं. आमच्या सुती पिशव्या एलसीएलने लंडनला गेल्या. त्याच कंटेनरमध्ये कुणाचा तरी हिंगाचा माल होता. ग्राहकाने खोकी उघडली तर प्रत्येक पिशवीला हिंगाचा वास. आठवडाभर बाहेर टांगल्या तरी गेला नाही. फॉरवर्डर म्हणाला, माल तर सुखरूप पोचला. इन्शुरन्सवालेही टाळत होते. टॉवेल तर वास अजूनच धरतो. मी आता एलसीएलला कापसाचं काहीही देत नाही.

तासगावकर_बेदाणा
हेच मी म्हणत होतो.

इचलकरंजी_लूम
+१ मीनलताई. पण आम्ही एलसीएलनेच पाठवतो, वास कधी लागला नाही. खोक्याच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तिचं तोंड हीट सील, आणि बुकिंगमध्ये लिहून द्यायचं की मसाले, चामडं, रसायन शेजारी नको. ऐकतातच असं नाही, पण लिहिलेलं असलं की भांडायला जागा राहते.

टेरीवाले, एक विचारतो. तुमचं खोकं भरल्यावर मोजलंय का?

टेरीवाला_सोलापूर
खोकंवाल्याने दिलेलं माप आहे, ६० × ४० × ४०.

इचलकरंजी_लूम
मग उद्या टेप लावा. टॉवेल दाबून भरला की खोकं पोट काढतं. सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळ कंटेनर भरतात त्या शेडमध्ये, सर्वेअर टेप पोटावरच लावतो, कडेला नाही. ६२ × ४२ × ४२ निघालं तर एका खोक्याचं ०.०९६ चं ०.१०९ होतं, आणि ९६ खोक्यांचे ९.२ चे साडेदहा सीबीएम. बिल त्यावरच येणार, दोन्हीकडचं. आमचा एका सीएफएसशी यावरून वाद झाला होता, शेवटी पैसे भरूनच माल चढला. तेव्हापासून सात पदरी खोकं आणि प्रत्येकात दोन टॉवेल कमी.

नवी_मुंबई_लॉजी
पण वजनावर लावतात ना? २.१ टनच आहे.

इचलकरंजी_लूम
टन आणि सीबीएममध्ये जे जास्त ते. टॉवेलला कायम सीबीएमच लागतो. लोखंडी नटबोल्ट असते तर वजन.

पुणे_निर्यात
मूळ प्रश्न राहिला बाजूला. कंटेनरच्या मालाला सीआयएफ वापरूच नये, सीआयपी हवं. इनकोटर्म्समध्ये सीआयएफ जहाजावर सुटा चढणाऱ्या मालासाठी आहे. तुमचा माल सीएफएसमध्येच तुमच्या हातातून सुटतो, तर जहाजावर चढेपर्यंतची जोखीम अंगावर का घ्यायची?

नवी_मुंबई_लॉजी
सगळी दुनिया कंटेनरला सीआयएफ लिहिते.

पुणे_निर्यात
सगळी दुनिया लिहिते म्हणून ते बरोबर ठरत नाही. सीएफएसच्या शेडमध्ये माल भिजला की कळतं.

टेरीवाला_सोलापूर
उरणकर साहेब, दोघांनाही मेल केला. पहिल्याने तीनदा आठवण केल्यावर उत्तर दिलं: हॅम्बर्गला सीबीएममागे ९८ युरो आणि वर ठोक ११०. कंटेनर कोलंबोला उघडून दुसऱ्यात भरणार. दुसऱ्याने त्याच दिवशी कळवलं: सीबीएमला ४२ युरो, ठोक ६५, स्वतःचा थेट कन्सोल, आठवड्याला एक.

आणि खोकी मोजली. इचलकरंजीकर बरोबर होते, बरीचशी ६२ × ४२ × ४१ आहेत.

उरणकर
आता मांडा. सोपं जावं म्हणून ९.२ च धरू. पहिल्याकडे तुमचं भाडं शून्य, पण ग्राहकाला साधारण १०१२ युरोचं बिल. दुसऱ्याकडे तुम्ही ३२२ डॉलर भरता आणि ग्राहकाला ४५१ युरो. दोन्ही टोकं मिळवली की दुसरा बराच स्वस्त आहे. फक्त पहिल्याचं ओझं ग्राहकावर पडतं, आणि ते त्याला माल दारात आल्यावर कळतं. पहिलीच ऑर्डर आहे तुमची. तो ते पैसे तुमच्या पुढच्या दरातून कापून घेईल, किंवा पुढची ऑर्डरच देणार नाही.

कोलंबोलाही माझा विरोध आहे. तिथे माल उतरतो, पुन्हा चढतो, पुढच्या कंटेनरची वाट बघतो. खोकी तिथेच फाटतात.

एफसीएल हवंच असेल तर कंटेनर सोलापूरला ओढू नका. माल ट्रकने सीएफएसला पाठवा आणि तिथेच तुमच्या २० फुटीत भरून घ्या. ट्रेलरचा जाऊन-येऊनचा खर्च वाचतो. तरीही ९ सीबीएमला मला जुळत नाही.

पुणे_निर्यात
पॅलेटवर लावा, म्हणजे फाटणार नाहीत.

उरणकर
लावावं की नाही यावर आमच्यातच एकमत नाही. युरो पॅलेटवर थराला ४ खोकी, ४ थर, म्हणजे १६. सहा पॅलेट झाले, प्रत्येक पावणेदोन मीटर उंच, एकूण १०.१ सीबीएम. वर "यावर काही ठेवू नका" लिहिलंत तर काही जण छतापर्यंतची उंची लावतात, मग साडेबाराच्या पुढे जातं. लाकडावर हीट ट्रीटमेंटचा शिक्का नसेल तर युरोपात अडकतं ते वेगळंच.

एल्बेकाठची
हॅम्बर्गमध्ये गोदामात काम करते, म्हणून लिहिते आहे. एलसीएलमध्ये आम्हाला खरा त्रास होतो तो दुसऱ्याच्या कागदांचा. त्याच कंटेनरमधल्या एकाचा माल कस्टम्सने तपासायला धरला की कंटेनर उघडायलाच उशीर होतो, आणि सगळेच थांबतात.

तुमच्या ग्राहकाला एक विचारा: भारतातून तो आणखी काय घेतो? इथले बरेच आयातदार पानिपत, करूरचा माल एकाच फॉरवर्डरकडून न्हावा शेवाला एकत्र भरून घेतात. कंटेनर त्यांच्या एकट्याच्या नावावर येतो. अनोळखी शेजारी नाही, हिंग नाही, आणि इकडची सीबीएमची वसुलीही नाही.

उरणकर
सल्ला चांगला आहे, पण जपून. तो फॉरवर्डर ग्राहकाचा असतो, तुमचा नाही. ७० टक्के पैसे बीएलच्या प्रतीवर अडकलेत. हाउस बीएल, म्हणजे फॉरवर्डरने स्वतः दिलेला बीएल, ओरिजिनलच मागा, तीन मूळ प्रती हातात ठेवा. नुसती कार्गो रिसीट दिली तर माल तिकडे सुटेल आणि तुम्ही मेल करत बसाल.

पुणे_निर्यात
मी असला व्यवहार कधीच करणार नाही. फॉरवर्डर आपलाच हवा.

मीनल_प
मीसुद्धा नाही.

तासगावकर_बेदाणा
२० फुटी.

टेरीवाला_सोलापूर
सगळ्यांचे आभार. ग्राहकाला विचारलं. तो पानिपतहून बाथमॅट घेतो आणि त्याचा फॉरवर्डर महिन्याला एक ४० फुटी न्हावा शेवाला भरतो. पुढचा कंटेनर तीन आठवड्यांनी आहे. मी त्यातच देतोय. व्यवहार सीआयएफवरून एफसीए न्हावा शेवावर आणला, म्हणजे तिथे माल फॉरवर्डरच्या ताब्यात दिला की पुढचं भाडं ग्राहकाचं, आणि भाड्याचे पैसे दरातून कमी केले. फॉरवर्डर ओरिजिनल हाउस बीएल माझ्या नावाने, "टू ऑर्डर" देईल असं मेलवर आलंय, आणि पैसे जमा झाल्यावरच तीन प्रती कुरिअर करणार. बहुतेकांचं मत याच्या विरुद्ध आहे ते कळतंय, पण हिशेब मला इथेच जुळतो.

पॅलेट लावत नाही. प्लास्टिकची पिशवी लावतोय आणि खोक्यातले दोन टॉवेल कमी केले. आता ९६ ची १०४ खोकी होतायत, पण टेप ६० वर बसतो.

इचलकरंजी_लूम
१०४ झाली तर ९.९८ सीबीएम. पोटासकट सव्वादहा होणार होते, म्हणजे पाव वाचला. शिपिंग बिल आणि पॅकिंग लिस्टवर खोक्यांची संख्या बदलून घ्या, सीएफएसवाले आधी तीच मोजतात.

उरणकर
आणि कार्टिंगची, म्हणजे शेडमध्ये माल पोचवायची, शेवटची तारीख फॉरवर्डरकडून आजच घ्या. ती जहाजाच्या तारखेच्या बरीच आधी असते. ट्रक एक दिवस उशिरा पोचला तर तुमचा माल शेडमध्ये राहतो आणि बाथमॅट पुढे जातात.