दूध डेअरीचं अ‍ॅप: बारीकसारीक निरोपाला फोन वाजवायचा का?

सांगली_कोडर
आमच्याकडच्या एका दूध संस्थेच्या अ‍ॅपचं काम मी बघतो. पावती, बिल, पशुखाद्याची स्कीम, अ‍ॅपमधली नवी सोय, सगळ्याला पुश पाठवतो. आतल्या बॅनरकडं कोण बघतंय? फोन वाजला नाही तर लोक अ‍ॅप उघडतच नाहीत. ज्याला त्रास होतो त्यानं सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं. तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठ
शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि गप्प बसवेना. माझ्या वडिलांनी नेमकं तेच केलं होतं. त्याचं पुढं काय झालं ते ऐक.

पलूस तालुक्यात नदीकाठाला आमचं घर, गोठ्यात चार गाई. वडिलांच्या फोनवर दूध संस्थेचं असंच एक अ‍ॅप होतं. मी सुट्टीला आलो तेव्हा एका दहा दिवसांच्या बिलाच्या काळात आलेले निरोप मोजले. सकाळ-संध्याकाळच्या मिळून 20 पावत्या, बिल जमा झाल्याचा 1, पशुखाद्याचे 4, सणाच्या शुभेच्छांचे 3, 'अ‍ॅप अपडेट करा'चे 2 आणि गाडीची वेळ बदलल्याचा 1. एकूण 31, आणि सगळे एकाच आवाजात. वडील धार काढायला बसले की खिशात फोन वाजायचा, शेणामातीचे हात पुसून बघावं तर सरकी पेंडीची जाहिरात. एक दिवस त्यांनी तो निरोप दाबून धरला आणि सगळं बंद करून टाकलं.

पुढच्या जुलैत पाऊस लागला. सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी 40 फुटांकडं सरकलं, आमचा रस्ता पाण्याखाली जायच्या आधी गाडी नेहमीपेक्षा तासभर लवकर येऊन गेली. संस्थेनं निरोप पाठवला होता. वडिलांपर्यंत तो आलाच नाही. 38 लिटर दूध घरात राहिलं आणि पुढचे तीन दिवस रस्ता बंद.

त्या 31 मधला एकच निरोप फोन वाजवण्याच्या लायकीचा होता आणि उरलेल्या 30 नी मिळून त्याचा गळा दाबला. म्हणून प्रत्येक निरोपाला एकच विचार: हा माणसानं आपणहून अ‍ॅप उघडेपर्यंत थांबला तर कुणाचं नुकसान होतंय का? गाडीची वेळ थांबू शकत नाही, तिथं पुशच पाहिजे. नवी सोय आणि स्कीम खुशाल थांबू शकतात. बिल बघायला माणूस येतोच, तेव्हा वर एक पट्टी दिसली की काम झालं.

सांगली_कोडर
दादा, तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं. पण बॅनर दिसायला अ‍ॅप उघडावं लागतं, आणि बरेच जण बिलाच्या दिवशीच उघडतात. मग पशुवैद्यकीय शिबिराची तारीख बॅनरवर टाकून काय उपयोग? शिबिर होऊन गेल्यावर कळणार. संस्थेचे सचिव मला विचारतात, किती लोकांनी बघितलं? पुश पाठवलं की आकडा वर जातो, हे मी रोज बघतोय.

दुसरं म्हणजे मी `priority` तर `HIGH` ठेवलीय, तरी काही फोनवर आवाज येत नाही. म्हणजे फोनच खराब आहेत, त्यात माझा काय दोष?

मिरजेचा_मामा
बॅनर लावायचाच असेल तर डेअरीच्या दारात लावा. चौकात वाढदिवसाच्या बॅनरनी आधीच सिग्नल दिसत नाही. दूध घालायला माणूस दोन वेळ दारात येतो, तिथं फळ्यावर खडूनं लिहिलं तर सगळे वाचतात. फोन कशाला मधी?

सातारकर_टेस्टर
मामा, अ‍ॅप उघडल्यावर वरच्या बाजूला पट्टी येते ना, त्या बॅनरबद्दल चाललंय. पण फळ्याचं म्हणणं मला पटलं. शिबिराची तारीख चार दिवस आधी ठरते. ती फळ्यावरही राहील आणि बॅनरवरही.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर सोपं आहे. सगळं पुशच पाठवा, फक्त आवाज न करणाऱ्या चॅनलमधून, म्हणजे सूचनांच्या वेगळ्या कप्प्यातून. `IMPORTANCE_LOW` ठेवलं की फोन वाजत नाही, थरथरत नाही. वाद मिटला.

कृष्णाकाठ
अर्धाच मिटला. आवाज गेला तरी निरोप वरच्या यादीत साचतोच. वडिलांसारखा माणूस संध्याकाळी एका झटक्यात सगळं पुसतो आणि त्यात कामाचंही जातं. मुक्या चॅनलला जागा आहे, पण 'बिल जमा झालं' असल्या निरोपाला. जाहिरात मुकी केली म्हणून जाहिरात राहात नाही असं थोडंच आहे?

कोडर, आता तुझ्या आवाजाचं. फोन खराब नाहीत, तू दोन वेगळ्या गोष्टी एक समजतोयस. `priority` एवढंच ठरवते की झोपलेल्या फोनला उठवून निरोप लगेच पोचवायचा का. पोचल्यावर वाजायचं का, हे चॅनल ठरवतं. आणि अँड्रॉइड 8 पासून चॅनल एकदा तयार झालं की त्याचा आवाज तुझ्या हातात राहात नाही, वापरणाऱ्याच्या हातात जातो. त्यानं बंद केलं तर तुझ्या `HIGH` ला तिथं कुणी विचारत नाही.

तुझ्या अ‍ॅपमध्ये चॅनल किती आहेत?

सांगली_कोडर
एकच आहे. 'सामान्य' नावाचं. मग ते काढून परत नवं करतो की, सगळ्यांचा आवाज चालू होईल.

कृष्णाकाठ
अरे बाबा, तेच करू नकोस! त्याच आयडीनं परत केलंस तर जुनी सेटिंग जशीच्या तशी परत येते. नव्या आयडीनं केलंस तर वाजेल, पण माणसानं बंद केलेलं दार मागून उघडल्यासारखं आहे ते. तुझ्या अ‍ॅपनं किती चॅनल काढून टाकली हे फोनच्या सेटिंगमध्ये दिसतंही. चिडून लोक अख्ख्या अ‍ॅपच्याच सूचना बंद करतील आणि मग कुठलंच चॅनल चालणार नाही.

वाळव्याची_ताई
तुम्ही सगळे पावतीचा निरोप कमी करा म्हणायला लागलाय, मला ते पटत नाही. मी स्वतः दूध घालायला जात नाही, पोरगा शाळेला जाताना घालून जातो. पावती वाजली की मला कळतं दूध पोचलं आणि फॅट किती लागली. मागं एकदा आमच्या म्हशीच्या दुधाला 6.8 फॅट लागली म्हणून पोरगा सांगत आला आणि बिलात 6.2 निघाली. तेव्हापासून मी प्रत्येक निरोप ठेवते. तुमच्या बॅनरमध्ये हे कुठं दिसणार?

मिरजेचा_मामा
ताई, लाख बोललात. फॅट मारायचा धंदा सगळीकडं हाय. आमच्या वेळी नमुन्याची बाटली हलवायचीच नाहीत, वरची साय घट्ट बसली की खालचं पातळ दूध मशीनला.

सातारकर_टेस्टर
मामा, मशीनलाही दोष असतो. आमच्या मामेभावाकडं सकाळी 4.1 आणि तेच दूध दुसऱ्या केंद्रावर 3.7. मशीन धुतलेलं नसलं तरी आकडा सरकतो.

मिरजेचा_मामा
सरकतो तर कायम खालीच कसा सरकतो? एकदा तरी वर सरकू दे की! चाळीस वर्षं दूध घालतोय मी, मला शिकवू नका.

सातारकर_टेस्टर
मी शिकवत नाही हो. पण सरसकट सगळ्यांना चोर म्हणणं बरोबर नाही. माझे वडील केंद्र चालवायचे, पहाटे चारला उठायचे.

कृष्णाकाठ
दोघंही जरा थांबा. ताईंच्या बोलण्यातलं कामाचं राहून जाईल. ताई, तुमची शंका रास्त आहे, पण त्यासाठी निरोपावर विसंबू नका. बोट लागलं की तो पुसला जातो. हिशेबाचा पुरावा अ‍ॅपच्या पावतीयादीत पाहिजे. एखाद्या पावतीचा आकडा नंतर बदलला तर त्या ओळीवर 'आधी 6.8, आता 6.2, बदल अमुक वेळी' असं दिसलं पाहिजे. आणि असा बदल झाला तर मात्र फोन वाजलाच पाहिजे, तिथं मी एका पायावर तयार आहे.

वाळव्याची_ताई
ते चांगलंच होईल. पण दूध पोचल्याचं काय? पोरगं वाटेत पडलं तर मला बिलाच्या दिवशी कळणार का? तुमचे वडील स्वतः डेअरीत उभे असतात, आकडा समोर दिसतो, म्हणून तुम्हाला पावती नकोशी वाटते.

कृष्णाकाठ
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मान्य करतो. 20 पावत्या मी वडिलांच्या खुर्चीत बसून मोजल्या. मग पावतीचं चॅनल वेगळं ठेवावं लागेल. ज्याला पाहिजे त्यानं आवाज ठेवावा, ज्याला नको त्यानं तेवढंच बंद करावं. गाडीच्या वेळेला त्यामुळं धक्का लागत नाही.

सांगली_कोडर
बरं. चॅनल तीन करतो: गाडीची वेळ, पावती, बिल. स्कीम आणि नव्या सोयी बॅनरवर नेतो, सचिवांना काय सांगायचं ते मी बघतो. पण एक अडचण आहे. मागं गाडी उशिरा येणार म्हणून पाठवलेला निरोप काही जणांना दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला आणि ते उगाच उशिरा आले. ही पुशची चूक नाही का?

कृष्णाकाठ
फोन बंद असला की निरोप सर्व्हरवर थांबून राहतो. मुदत दिली नाहीस तर चार आठवडे थांबतो. संध्याकाळच्या गाडीचा निरोप दोन तासांनी मेला पाहिजे:

```json
"android": {
  "priority": "HIGH",
  "ttl": "7200s",
  "notification": { "channel_id": "gadi_vel", "tag": "gadi" }
}
```

`tag` एकच ठेवलास की '5 वाजता'च्या जागी '5:30' बसतं, दोन निरोप एकाखाली एक दिसत नाहीत.

आणि अँड्रॉइड 13 पासून सूचनांची परवानगी मागावी लागते. दोनदा नाही म्हटलं की फोन परत विचारू देत नाही. म्हणून अ‍ॅप उघडल्या उघडल्या मागू नकोस. पहिली पावती दिसली की तिथंच विचार, 'गाडीची वेळ बदलली तर कळवू का?'

सातारकर_टेस्टर
एवढं करूनही नाही पोचणार. सेटिंगमधून अ‍ॅप 'फोर्स स्टॉप' केलेलं असलं तर परत उघडेपर्यंत पुश येत नाही. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅप झोपवतात. मी स्वतः तपासलंय, रात्रभर ठेवलेल्या एका फोनवर सकाळी काहीच आलं नव्हतं. पुराच्या दिवसात मी यावर विसंबणार नाही.

कृष्णाकाठ
नकोच विसंबायला. अ‍ॅप उघडतं तेव्हा `areNotificationsEnabled()` आणि गाडीच्या चॅनलची अवस्था तपासून सर्व्हरला कळवायची. ज्यांचं बंद आहे त्यांची यादी तयार राहते. त्यांना आत एक बॅनर दाखवायचा, 'गाडीची वेळ बदलली तर तुम्हाला कळणार नाही', आणि पुराच्या दिवशी त्याच यादीला एसएमएस. झोपवलेले फोन या यादीत सापडत नाहीत, ते भोक राहतंच.

सांगली_कोडर
एसएमएसला पैसे पडतात आणि मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. संस्था देईल का माहीत नाही. बिलाचा निरोप मात्र मी आवाजासकट ठेवणार, त्यावर तुमचं ऐकणार नाही. पैसे आल्याचा आवाज कुणाला नको असतो?

कृष्णाकाठ
बँकेचा एसएमएस त्याच मिनिटाला वाजतो. दोनदा कशाला? असो, ठेव. गाडीचं चॅनल आधी कर, पावसाळा तोंडावर आलाय.

मिरजेचा_मामा
आणि फळा?

सांगली_कोडर
फळा पण लिहायला सांगतो, मामा.